डेमो लेक्चरनंतर विभागप्रमुखांना काय लिहावे

मे-जून महिन्यांत महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांत डेमो लेक्चरचे दिवस येतात. तासिका तत्त्वावर, म्हणजे रोजच्या बोलीत सीएचबीवर, शिकवायला माणसे हवी असतात. एखाद्या विषयात मंजूर पूर्णवेळ जागेची जाहिरात निघालेली असते. रत्नागिरीत अशा मुलाखतीला चिपळूण, देवरुख, राजापूर, अगदी कोल्हापूरहूनही उमेदवार येतात. फळ्यासमोर दहा-पंधरा मिनिटे शिकवायचे, विभागप्रमुख, प्राचार्य आणि तज्ज्ञ विचारतील त्या प्रश्नांना उत्तरे द्यायची, आणि संध्याकाळची एसटी पकडायची. त्यानंतर अनेकजण विभागप्रमुखांना ईमेल करतात. त्यात संधी दिल्याबद्दल आभार असतात, अनुभव चांगला होता असे लिहिलेले असते आणि शेवटी ‘माझा सहानुभूतीने विचार व्हावा’ अशी विनंती असते. अशा पत्राने कुणाचे काही बिघडत नाही, पण ते वाचून विभागप्रमुखांना उमेदवाराबद्दल नवे काहीच कळत नाही. या प्रकरणात मला एकच गोष्ट सांगायची आहे: डेमोनंतरच्या पत्राचे काम अपुरा राहिलेला पाठ पुरा करण्याचे आहे. आभाराला त्यात एक ओळ पुरे, आणि विनंतीला जागाच नाही. असे का, हे समजून घ्यायचे तर डेमो लेक्चरमधून नेमके काय दिसते आणि काय दिसत नाही, इथून सुरुवात करावी लागते.

डेमोत उमेदवाराचा आवाज, फळ्याची मांडणी, भाषेवरचा ताबा आणि वर्गासमोर उभे राहण्याचा धीर दिसतो. या गोष्टी शिक्षकाला लागतातच. पण त्यांच्या जोरावर परीक्षकांचे मत किती सहज अनुकूल होते, हे 1970 च्या सुमारास अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाने दाखवून दिले. मायकेल फॉक्स नावाच्या एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ म्हणून तज्ज्ञांसमोर उभे करण्यात आले. विषय होता गणितातील खेळ-सिद्धांताचा डॉक्टरांच्या शिक्षणातला उपयोग. नटाला त्या विषयातले काही येत नव्हते. परस्परविरोधी विधाने, गोलगोल बोलणे आणि विनोद यांवर त्याने व्याख्यान निभावून नेले. समोर मानसोपचारतज्ज्ञ आणि शिक्षणक्षेत्रातली जाणती मंडळी बसली होती, आणि त्यांनी व्याख्यानाबद्दल चांगले अभिप्राय दिले. 1973 मध्ये या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यावर आक्षेपही घेतले गेले, आणि ते रास्त होते: तुलनेसाठी दुसरा गट ठेवलेला नव्हता, आणि एका व्याख्यानावरून सगळ्या अध्यापनाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. पण आपल्या प्रश्नापुरता तो प्रयोग नेमका लागू पडतो, कारण डेमो लेक्चर म्हणजे एकच व्याख्यान आणि समोर जाणते श्रोते. ओघवत्या बोलण्याने विषयातली पोकळी झाकली जाऊ शकते. त्याचप्रमाणे विषय पक्का असलेला माणूस एका प्रश्नावर अडखळला, तर त्याची तयारीही झाकली जाऊ शकते.

अध्यापनाचा दुसरा भाग तास संपल्यावर सुरू होतो. वर्गातला कोणता प्रश्न आपल्याला नीट सुटला नाही, मुलांचे चेहरे कुठे कोरे झाले, उद्याच्या तासाला कुठून सुरुवात करायची, याचा विचार शिक्षक तेव्हा करतो. बीएड केलेल्या प्रत्येकाला सूक्ष्म अध्यापन ठाऊक असते. ही पद्धत 1960 च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आली आणि पुढे भारतातल्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयांत रुजली. आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या आराखड्यात एक चक्र 36 मिनिटांचे असते: सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुन्हा अध्यापन आणि सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. या वाटणीत सर्वाधिक वेळ पुनर्नियोजनाला दिला आहे, एका वेळच्या अध्यापनाच्या दुप्पट. हा आराखडा करणाऱ्यांनी शिकवणे म्हणजे पहिल्या सहा मिनिटांची कामगिरी असे मानले नाही. आपला पाठ तपासून तो दुरुस्त करण्याची क्षमता त्यांनी त्यात धरली. डेमो लेक्चरमध्ये मात्र चक्राचा फक्त पहिला तुकडा घेतला जातो आणि तिथेच थांबले जाते. उमेदवाराचे नंतरचे पत्र उरलेल्या चक्राची भरपाई करू शकते. पत्राचा खरा उपयोग हा आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. विभागप्रमुख हे निवड समितीचे सदस्य असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीनुसार महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाच्या निवड समितीत संस्थेच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी, प्राचार्य, संबंधित विषयाचे विभागप्रमुख, कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि बाहेरचे विषयतज्ज्ञ असतात. अशा सदस्याला उमेदवाराने एकट्याने पत्र लिहिणे म्हणजे वशिला लावणे नव्हे काय? याचे उत्तर त्याच नियमावलीत बऱ्याच अंशी मिळते. निवडीची प्रक्रिया समितीच्या बैठकीच्या दिवशीच, किंवा बैठक अनेक दिवस चालली तर शेवटच्या दिवशी, पूर्ण करायची असते. त्याच दिवशी इतिवृत्त लिहून, गुणानुक्रमे निवड यादी आणि प्रतीक्षा यादी करून सदस्यांनी सह्या करायच्या असतात. म्हणजे पूर्णवेळ पदासाठी उमेदवार घरी पोहोचून पत्र लिहीपर्यंत निर्णयाचा कागद तयार झालेला असतो. त्या पत्राने निकाल बदलू शकत नाही आणि बदलताही कामा नये. म्हणून अशा पत्रात विनंती करणे निरर्थक ठरते, आणि विषयाबद्दल लिहिणे निर्मळ ठरते.

तासिका तत्त्वाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती असते, मानधन तासावर मिळते, आणि कोणाला कोणते तास द्यायचे यात विभागप्रमुखांच्या शिफारशीला वजन असते. निर्णयाला काही दिवस लागू शकतात. त्यामुळे इथे पत्राची मर्यादा उमेदवाराने स्वतः आखून घ्यावी. पत्र महाविद्यालयाच्या किंवा विभागाच्या अधिकृत ईमेलवर पाठवावे आणि त्याची प्रत प्राचार्यांना द्यावी. विभागप्रमुखांच्या खासगी व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री संदेश टाकू नये. प्राचार्यांनी वाचले तर संकोच वाटेल असे काही लिहिण्याचा मोह होत असेल, तर ते वाक्य पत्रात नकोच, हे ओळखावे. पत्र डेमोच्या दुसऱ्या दिवसापर्यंत जावे, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यांनाही तो प्रश्न आठवत असतो. एकदाच पाठवावे. उत्तर आले नाही म्हणून ‘सर, पत्र मिळाले का’ असे विचारायला फोन करू नये.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू. ते कल्पित आहे, पण त्यातला विषय रत्नागिरीच्या पायाखालचा आहे. समजा, भूगोल विभागात एका उमेदवार बाईंना ‘जांभा खडकाची निर्मिती’ या घटकावर डेमो घ्यायला सांगितले. त्यांनी उष्ण हवामान, पावसाळा आणि कोरडा ऋतू यांचे आलटून पालटून येणे, बेसाल्टमधली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखी द्रव्ये पाण्याबरोबर निघून जाणे आणि लोह व अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरणे, हा क्रम फळ्यावर नीट मांडला. लाल रंग कुठून येतो हे सांगितले. खाणीतून काढताना मऊ असणारा चिरा उघड्यावर का टणक होतो, हेही सांगितले. मग समोर बसवलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, ‘मॅडम, आमच्याकडे एवढा पाऊस पडतो, मग सड्यावरच्या विहिरी मार्च-एप्रिलमध्ये का आटतात?’ बाई म्हणाल्या, ‘जांभा कठीण असतो, पाणी मुरत नाही, वाहून जाते.’ तेवढ्यात वेळ संपली. उत्तर ओघात आले म्हणून कोणी थांबवले नाही. पण पाच मिनिटांपूर्वी त्यांनीच जांभ्याची छिद्रे दाखवली होती, आणि दोन्ही विधाने एकत्र बसत नव्हती. डेमोतला सर्वांत कच्चा दुवा हा होता. त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांना लिहिलेले पत्र असे असू शकते:

‘मा. विभागप्रमुख, भूगोल विभाग, यांस. महोदय, काल आपल्या विभागात जांभा खडकावर पाठ घेण्याची संधी मिळाली, त्याबद्दल आभारी आहे. पाठाच्या शेवटी एका विद्यार्थ्याने सड्यावरच्या विहिरी उन्हाळ्यात का आटतात, असे विचारले होते. पाणी मुरत नाही, हे मी दिलेले उत्तर अपुरे होते आणि माझ्याच आधीच्या विवेचनाशी विसंगत होते. वरचे कठीण कवच सलग असते तिथे काही पाणी वाहून जाते, हे खरे. पण जांभ्यातली छिद्रे मोठी आणि एकमेकांना जोडलेली असल्याने बरेचसे पाणी आत शिरते. खाली जांभा आणि मूळ बेसाल्ट यांच्यामध्ये चिकणमातीसारखा थर असतो. पाणी त्यातून सहज खाली जात नाही. ते आडवे सरकते आणि सड्याच्या कडेला उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे पाणी मुरते, पण टिकत नाही. तास पुढे घ्यायचा असता तर मी त्याच प्रश्नाने सुरुवात केली असती आणि विद्यार्थ्यांना आपापल्या वाडीतल्या दोन विहिरींची नोंद आणायला सांगितली असती: विहीर सड्यावर आहे की उताराच्या पायथ्याशी, खोली किती, कोणत्या महिन्यात आटते, आणि खोदताना चिकणमाती लागली होती का. या नोंदींवरून उत्तर त्यांना स्वतः तपासता आले असते. शक्य असल्यास ही दुरुस्ती त्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवावी, ही विनंती. आपली विश्वासू.’

या पत्रात काय आहे ते पाहण्यासारखे आहे. उमेदवाराने प्रश्न विद्यार्थ्याच्याच रोखाने पुन्हा मांडला आहे, म्हणजे तो लक्ष देऊन ऐकला होता. चूक मोघम शब्दांत सांगितलेली नाही. ‘काही त्रुटी राहिल्या असतील’ असे लिहिणे सोपे असते आणि त्याने काहीच कबूल होत नाही. इथे कोणते विधान कशाशी विसंगत होते, हे स्पष्ट आहे. आपल्या आधीच्या उत्तरात जेवढे खरे होते तेवढे राखले आहे, कारण कठीण कवचावरून पाणी वाहते हेही खोटे नाही. स्वतःला पूर्ण चूक ठरवून नम्रता दाखवण्यापेक्षा हे अवघड आहे, आणि विषयाशी अधिक प्रामाणिक आहे. मग पुढच्या तासाची योजना येते, आणि ती रत्नागिरीच्या मुलांना घरी जाऊन करता येईल अशी आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, सहलीचा खर्चही लागत नाही. पत्रातली एकमेव विनंती उमेदवारासाठी केलेली नसून विद्यार्थ्यासाठी आहे. विभागप्रमुखांना इतक्यातून कळते की या बाईंना विषय येतो, त्या वर्गातून बाहेर पडल्यावरही पाठाचा विचार करतात, आणि इथल्या मुलांना काय सोपवावे हे त्यांना सुचते. मुलाखतीतले ‘तुमचे बलस्थान काय’ यासारखे प्रश्न एवढे सांगू शकत नाहीत.

ही पत्रे बिघडतात तीही ठरावीक रीतीने. काही उमेदवार खोटी दुरुस्ती पाठवतात: जी चूक झालीच नाही किंवा जिला काही महत्त्व नाही, ती मोठी करून लिहितात आणि मग आपली हुशारी दाखवतात. हे ओळखायला एक साधी कसोटी पुरते. ही दुरुस्ती वाचून विद्यार्थ्याच्या वहीतले एखादे वाक्य बदलावे लागेल का? जांभ्याच्या उदाहरणात ते बदलावे लागते. इसवी सनातला एखादा आकडा नीट उच्चारला नाही, एवढेच असेल, तर बदलावे लागत नाही. दुसरी गडबड म्हणजे दोष बाहेर टाकणे: प्रोजेक्टर चालला नाही, वेळ कमी दिला, मुले गप्प होती. हे सगळे खरे असेलही, पण तास घेणाऱ्याला वर्षभर हेच प्रोजेक्टर आणि हीच गप्प मुले मिळणार असतात. तिसरी गडबड पुरवणीची. पत्राला प्रमाणपत्रे, शोधनिबंध आणि परिषदांतले फोटो जोडले की वाचणाऱ्याचे लक्ष प्रश्नावरून उमेदवारावर जाते, आणि दुरुस्ती त्याखाली दबते. चौथी आणि सर्वांत दुखावणारी गोष्ट म्हणजे घरच्या अडचणी सांगणे. अडचणी खऱ्या असतात. वर्षानुवर्षे तासिकेवर काढलेल्या लोकांची ओढाताण सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते दुःख विभागप्रमुखांच्या पत्रात मांडले की त्यांना एका उमेदवाराची अडचण दुसऱ्याच्या अडचणीशी तोलावी लागते, आणि ते काम त्यांचे नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. चूक कोणाच्या लक्षातही आली नव्हती, मग स्वतःहून लिहून पायावर धोंडा का पाडून घ्यावा? या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याला ‘प्रामाणिकपणाचे फळ मिळतेच’ असे उत्तर देणे खोटे ठरेल. फळ मिळेलच असे नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. समितीत बसलेल्या विषयतज्ज्ञांना चूक दिसली नाही, असे गृहीत धरणे धोक्याचे असते. वेळ संपली म्हणून किंवा भिडेखातर ते गप्प राहिलेले असू शकतात. अशा वेळी चूक दिसलेली आहे आणि दुरुस्ती आलेली नाही, एवढेच त्यांच्या नोंदीत उरते. दुसरे म्हणजे त्या खोलीत एक विद्यार्थी होता आणि तो चुकीचे उत्तर घेऊन घरी गेला. डेमो ही उमेदवाराची परीक्षा असली तरी त्या मुलासाठी तो तासच होता. विद्यार्थ्यांना डेमोला बसवायचे आणि नंतर त्यांच्या मनात काय उरले याची फिकीर करायची नाही, हे कोणत्याच शिक्षकाला शोभणारे नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. असे पत्र लिहायचे असते हे ज्यांना ठाऊक आहे, ज्यांच्या घरात किंवा ओळखीत प्राध्यापक आहेत, तेच ते लिहितील. पहिल्या पिढीतला उमेदवार, जो कदाचित वर्गात अधिक चांगला असेल, तो लिहिणार नाही. मग हा न्याय कसला? याचे उत्तर उमेदवारांकडे नसून विभागप्रमुखांकडे आहे. पत्राची चांगली बाजू त्यांना निवडीच्या दिवशीच सर्वांसाठी खुली करता येते. 2018 ची नियमावली मुलाखतीच्या टप्प्यावर वर्गात व्याख्यान देऊन घेऊन अध्यापनक्षमता जोखण्याची मुभा देते. ती सक्तीची नाही आणि तिचा तपशीलही बांधून दिलेला नाही. या मोकळ्या जागेत एक छोटी पायरी बसते. प्रत्येक उमेदवाराचा डेमो संपला की समितीने किंवा विद्यार्थ्यांनी एक प्रश्न द्यावा, उमेदवाराला शेजारच्या खोलीत कागद द्यावा आणि बारा मिनिटे द्यावीत. लिहायचे एवढेच: माझ्या पाठात कोणता भाग अपुरा राहिला, त्याची दुरुस्ती काय, आणि पुढचा तास मी कुठून सुरू करीन. एक पान. सर्वांना तोच वेळ आणि त्याच सूचना. तो कागद मुलाखतीपूर्वी सदस्यांसमोर यावा आणि इतिवृत्ताबरोबर राहावा. आधीचा उमेदवार लिहीत असताना पुढच्याचा डेमो सुरू होतो, म्हणून समितीचा वेळही फारसा वाढत नाही.

या पायरीलाही मर्यादा आहेत. जो विषयात कच्चा आहे त्याला बारा मिनिटांत दुरुस्ती सुचणार नाही, आणि जो लिहिण्यात कच्चा पण बोलण्यात पक्का आहे त्याच्यावर थोडा अन्याय होईल. दुसऱ्या अडचणीवर उपाय आहे: लिहिण्याऐवजी तेच तीन मिनिटांत तोंडी सांगण्याची मुभा द्यावी. पहिली अडचण ही अडचण नसून तेच तपासायचे आहे. शिवाय संदर्भ उघडून पाहण्याची सोय त्या खोलीत नसते, म्हणून या पानावरची दुरुस्ती निर्दोष असावी अशी अपेक्षा धरू नये. कच्चा दुवा अचूक ओळखला आहे का, एवढेच तिथे पाहावे. नीट तपासून केलेल्या दुरुस्तीसाठी दुसऱ्या दिवशीचे पत्र आहेच, आणि ते आल्यावर विभागप्रमुखांनी करायचे काम मोजके आहे. ‘पत्र मिळाले, दुरुस्ती विद्यार्थ्यांना सांगितली’ एवढे एका ओळीचे उत्तर द्यावे, ज्यातून निवडीबद्दल होकार किंवा नकार ध्वनित होणार नाही. पत्र विभागाच्या फाइलला लावावे, कारण पुढच्या जूनमध्ये पुन्हा तासिकेवर माणसे लागणार असतात, आणि तेव्हा बायोडेटाच्या गठ्ठ्यापेक्षा अशी दोन-तीन पत्रे अधिक उपयोगी पडतात. आणि दुरुस्ती खरोखर वर्गात सांगावी. विहिरींच्या नोंदी आणण्याचे काम चांगले असेल, तर उमेदवाराची निवड झालेली नसली तरी ते मुलांना द्यावे आणि ते कोणाकडून आले हेही सांगावे.